आपल्याच मोहऱ्यांमागची रेघ बघायला शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

डिस्कव्हर्ड अटॅक, म्हणजे आडवा मोहरा हटल्यावर मागच्या मोहऱ्याचा उघडणारा हल्ला, आणि डबल चेक, म्हणजे एकाच चालीत दोन मोहऱ्यांचा शह, हे शोधायची जी पद्धत तुम्ही मला बुद्धिबळाच्या क्लबात शिकवलीत, तीच आता मी लहान मुलांना शिकवते. शिकवायला लागल्यावर ती किती नेमकी आहे हे जास्त कळलं. म्हणून हे आभाराचं पत्र, आणि उघडपणे लिहिते आहे, म्हणजे आणखी कुणाच्या उपयोगी पडेल.

तुम्ही म्हणायचात, आधी समोरच्याचा राजा बघू नकोस, आपला हत्ती, उंट आणि वजीर बघ. या तिघांच्या रेघा लांब जातात, आणि आपली नजर नेमकी आपलाच मोहरा आडवा आला की थांबते. हत्तीपुढे आपला उंट असला की आपण मनाशी म्हणतो, हत्ती बंद आहे. तुम्ही त्या उंटातून आरपार बघायला लावायचात. रेघ पटाच्या कडेपर्यंत न्यायची, वाटेत आपले किती मोहरे आहेत ते मोजायचं आणि शेवटी समोरच्याचं काय लागतं ते बघायचं. आपला एकच मोहरा आडवा असेल आणि पलीकडे राजा किंवा वजीर असेल, तर मग दुसरा प्रश्न: हा आडवा मोहरा शह किंवा धाक देत कुठे जाऊ शकतो?

मुलांना मी हे फ्रेंच डिफेन्सच्या अॅडव्हान्स प्रकारातून दाखवते.

```
1.e4 e6 2.d4 d5 3.e5 c5 4.c3 Nc6 5.Nf3 Qb6
6.Bd3 cxd4 7.cxd4 Nxd4 8.Nxd4 Qxd4 9.Bb5+
```

सातव्या चालीला काळ्याला d4 वरचं प्यादं फुकट दिसतं. घोड्यांची मारामारी होते आणि काळा वजीर d4 वर येऊन बसतो. पांढऱ्याचा वजीर d1 वर आहे, मध्ये d3 वर फक्त स्वतःचा उंट. तो b5 वर जाऊन शह देतो. काळ्याला शह सोडवावाच लागतो, आणि तेवढ्यात d1 चा वजीर d4 चा वजीर घेतो. एक प्यादं आणि एक उंट मिळवायला काळ्याने वजीर घालवला.

पण तुमचं खरं शिकवणं याच्या पुढचं होतं. तुम्ही काळ्याचा उंट c8 वरून उचलून d7 वर ठेवलात आणि विचारलंत, आता? रेघ तीच, आडवा उंट तोच, पण d7 वरच्या उंटामुळे b5 वरून राजाला शह बसत नाही. काळा वजीर सरळ पांढरा वजीर घेईल. म्हणजे मागची रेघ हे अर्धंच काम. पुढून हटणारा मोहरा काही धाक घालत नसेल, तर समोरच्याला एक चाल मोकळी मिळते आणि सगळा डाव फसतो. म्हणून जाणकार काळा आधी सातव्या चालीला उंट d7 वर आणतो, आणि मग d4 च्या प्याद्यावरचा दबाव खरा होतो. त्यानंतरही पांढरा किल्लेकोट करून ते प्यादं मुद्दाम सोडू शकतो, त्याला मिल्नर-बॅरी गॅम्बिट म्हणतात. पण ती वेगळी गोष्ट, तिथे युक्ती नाही, पुढाकाराचा सौदा आहे.

दुसरा डाव तुमच्या आवडीचा: रेटी विरुद्ध टार्टाकोवर, व्हिएन्ना, १९१०. अकरा चालींत मात.

```
1.e4 c6 2.d4 d5 3.Nc3 dxe4 4.Nxe4 Nf6 5.Qd3 e5
6.dxe5 Qa5+ 7.Bd2 Qxe5 8.O-O-O Nxe4 9.Qd8+ Kxd8
10.Bg5+ Kc7 11.Bd8#
```

आठव्या चालीनंतर पट लावून तुम्ही आम्हाला फक्त d1 वरचा हत्ती बघायला सांगायचात. त्याच्यापुढे d2 वर उंट, d3 वर वजीर, आणि तिथून d8 पर्यंत सगळं मोकळं. काळा राजा मात्र त्या रेघेवर नाहीच, तो शेजारी e8 वर आहे. शिवाय आडवे मोहरे एक नाही, दोन. म्हणजे दोन अडचणी. वजीर d8 वर टाकला की दोन्ही एकाच चालीत सुटतात: वजीर वाटेतून जातो, आणि राजाला तो घ्यावाच लागत असल्यामुळे राजा स्वतः रेघेवर येतो. बाहेरून हे वजिराचं बलिदान दिसतं. हत्तीच्या मागून बघणाऱ्याला ते वाट मोकळी करणं वाटतं, आणि ते सुचतंही त्यामुळेच.

मग उंट g5 वर. हत्तीचा शह आणि उंटाचा शह एकदमच. g5 वरचा उंट काळ्याच्या e4 वरच्या घोड्याच्याही माऱ्यात आहे आणि e5 वरच्या वजिराच्याही. साधा शह असता तर कुणीही तो घेतला असता. पण घेतला तरी हत्तीचा शह राहतो, आणि हत्तीपुढे काही आडवं घातलं तर उंटाचा राहतो. दोन्ही शह एका चालीत बंद होत नाहीत, राजालाच हलावं लागतं. म्हणून डबल चेक तपासताना तुम्ही समोरच्याचे बाकी सगळे मोहरे हाताने झाकायचात. राजाची घरं मोजा, बस.

मागच्या महिन्यात एका मुलीने हाच डाव मांडल्यावर विचारलं, "ताई, उंट a5 वर गेला तरी डबल चेकच आहे ना?" आहे. b6 आणि c7 रिकामी आहेत, a5 वरून d8 वर शह बसतो. मी तिला तुमच्या सांगण्याप्रमाणे घरं मोजायला लावली. a5 वरचा उंट c7 अडवतो, हत्ती d7 अडवतो, पण e7 आणि e8 मोकळी राहतात. राजा e8 वर गेला आणि हत्तीने d8 वरून शह दिला, तरी तो e7 वर निसटतो, आणि पांढऱ्याचा वजीर तर गेलेला आहे. g5 वरचा उंट नेमकं e7 धरतो. तिथून राजा e8 वर गेला तर d8 वर हत्तीची मात, c7 वर गेला तर d8 वर उंटाची मात, कारण हत्ती त्या उंटाला जोर देतो. तिने दोन्ही मात स्वतः लावून पाहिल्या, मग a5 ची चाल पुन्हा लावून राजा e7 वर नेऊन ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे शह किती बसतात ते नाही, उंट कुठे थांबतो ते बघायचं."

सर, हे तिला तुमच्याकडून मिळालं आहे, माझ्याकडून नुसतं पोचलं. दोन डबल चेक दिसत असताना दोन्हींची घरं मोजायची चिकाटी तुम्ही आमच्यात घातलीत. आम्ही उत्तर ओरडून सांगितलं तरी तुम्ही "बरोबर" म्हणायचा नाहीत, "आणि दुसरं घर?" विचारायचात. त्याबद्दल मनापासून आभार.

आता मुलांना समोरच्याच्या बाजूने बसवून त्याच्या मोहऱ्यांमागच्या रेघा शोधायला लावते. फ्रेंचमध्ये d4 चं प्यादं घ्यायच्या आधी काळ्याने d1 पासून बघायला हवं होतं, हे त्यांना तिथून पटकन दिसतं. तुमची तब्येत बरी असेल तेव्हा एकदा वर्गात या. त्या मुलीला तुमच्याशी खेळायचं आहे, आणि पांढरे मोहरे तिलाच हवे आहेत.

तुमची विद्यार्थिनी