सुहासला पत्र

चि. सुहास,
अनेक आशीर्वाद. काल फोनवर तू म्हणालास की त्या म्हाताऱ्या वॉचमनची अर्ध्या दिवसाची हजेरी कापली. माई शेजारी होती म्हणून मी काय बोललो न्हाई. तू चाकणला सुपरवायझर झालास हे अख्ख्या कुपवाडला सांगून झालंय माझं, पण ती हजेरी काय डोक्यातनं जात न्हाई बघ. झोपला होता का नुसता राउंडचा पॉइंट चुकला होता, एवढं तरी विचारलंस का?

आमच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला गेल्या वर्षी तुझ्याच वयाचा सुपरवायझर आला. आल्या आल्या भिंतीला पॉइंट बसवले, हातात दांडका दिला, टेकवला की बीप वाजून टायमिंग नोंदतो. तासाच्या ठोक्याला राउंड पाहिजे, न्हाईतर रिपोर्टला लाल. मी कधी सव्वाला जायचो, कधी पावणेदोनला, कधी उलटा जनरेटरकडनं सुरू करायचो, त्यामुळं लाल माझंच नाव. सगळ्यांसमोर म्हणाला, काका, घड्याळ कळतं का? लई लागलं. मी पण घरी येऊन त्याला कालचं पोरगं म्हणायचो, माईला विचार. तरी रजिस्टर सोडलं न्हाई, लाईट किती वाजता गेली, जनरेटर किती वाजता बंद केला, सगळं लिहीत होतो.

महिनाअखेरीला डिझेलचा हिशेब जुळंना तेव्हा रात्री साडेअकराला तो एकटाच आला आणि रजिस्टर मागितलं. जनरेटर चालला ११ तास, तासाला २० लिटर धरलं तर २२०, आणि आणलेलं ३००, टाकीतलं डिझेल तर पहिल्याएवढंच. त्या वेळा माझ्याकडं होत्या, गणित त्याच्याकडं. मग राउंडला माझ्याबरोबर फिरला. मी म्हणालो, साहेब, ठोक्याला फिरलं की पुढचा पाऊण तास मोकळा हे बाहेरच्याला पण कळतं. गप्प ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सेटिंग बदललं, १२ ते ४ मध्ये चार राउंड, वेळ तुम्ही ठरवा. आठवड्यात सव्वादोनला टाकीत पाईप घातलेला माणूस सापडला, दोन कॅन भिंतीपाशी.

टोपी घातली न्हाई म्हणून मला अजून बोलतो, आणि मी घालतो. पण आता लाल दिसलं की आधी फोन करतो, काका काय झालं होतं.

रात्री दोन ते चार डोकं जड होतंच रे, त्यात रिलीव्हर आला नसंल आणि त्याची डबल ड्युटी असंल तर? मस्टर बघ आधीच्या दिवसाचा. खरंच झोपला असंल तर काप, गेट उघडं पडणं मलाही चालत न्हाई. बघ, लेक्चर द्यायचं न्हाई म्हणून बसलो आणि तेच झालं, रागावू नको. तुझ्या आवाजात काल जरा ताठा वाटला म्हणून भीती वाटली, बाकी काय न्हाई.

आक्काच्या हातनं बेदाणा पाठवतोय, त्यातला निम्मा मामीला दे. शुक्रवारी माझी सुट्टी आहे, मस्टर बघून रात्री फोन कर.

तुझा,
दादा