केकचे दर वाढवतेय, त्याआधी तुला

सांगली,
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय वैशू,

परवा फोनवर तू विचारलंस, "काय गं, आवाज असा का?" तेव्हा घरात पाहुणे होते, म्हणून बोलले नाही. १ मार्चपासून चॉकलेट ट्रफल केकचा दर वाढवायचाय आणि ते गिऱ्हाइकांना कसं सांगावं हे सुचत नव्हतं. पाच वर्षं ज्यांनी पोरांचे वाढदिवस माझ्यावर सोपवले, त्यांना नुसतं 'दर वाढले आहेत, सहकार्य करा' असं लिहायला हात धजेना.

म्हणून बुधवारी रात्री वही घेऊन बसले. अर्ध्या किलोच्या केकला मला १५० ग्रॅम डार्क चॉकलेट आणि २५ ग्रॅम कोको पावडर लागते. दीड वर्षापूर्वी चॉकलेट ६२० रुपये किलोने आणत होते, आता ९८० पडतं. पावडर ४८० ची ११२० झाली. म्हणजे एका केकमागे चॉकलेटचे ५४ आणि पावडरचे १६, असे ७० रुपये जास्त जातात. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. तिथे पाऊस आणि झाडांवरचा रोग यांनी पीक बुडालं. दोन वर्षांपूर्वी टनाला अडीच हजार डॉलरच्या आसपास असलेला कोकोचा वायदे बाजारातला भाव डिसेंबरात बारा हजारांवर गेला. आपल्याकडे केरळ-आंध्रात कोको होतो, पण तो पुरत नाही, आणि भाव जगाच्या बाजाराचाच लागतो.

इथपर्यंत सोपं होतं. कोको महागला, केक महागला, सगळ्यांना पटेल. पण वहीत खाली उतरले आणि थांबले.

जुन्या भावाने सगळं सामान, खोका, बोर्ड, वीज धरून एक केक २८५ ला पडायचा आणि मी ५०० ला द्यायचे. उरायचे २१५. भट्टी तापवण्यापासून भांडी घासून खोका बांधेपर्यंत तीन तास जातात. म्हणजे तासाला ७२ रुपये. आता खर्च ३५५ झालाय, उरतात १४५, तासाला ४८. वैशू, हा हिशेब मी पाच वर्षांत एकदाही मांडला नव्हता. स्वतःचे तास कधी धरलेच नाहीत.

म्हणून नवा दर ६२० ठरवलाय. वाढ १२० ची, त्यातले ७० कोकोचे आणि ५० माझ्या मजुरीचे. तासाला ८८ पडतील, फार नाहीत. सगळे १२० कोकोच्या नावावर खपवता आले असते, कुणी विचारलं नसतं. पण उद्या कोको उतरला तर मी काय तोंड दाखवू?

दुसरी वाटही करून पाहिली. स्वस्तातलं कंपाउंड चॉकलेट आणून घरच्यांसाठी केक केला. दिसायला तसाच, वर चकाकीही जास्त. पण खऱ्या चॉकलेटमधलं कोको बटर साधारण ३४ अंशांना, म्हणजे तोंडाच्या उबेनेच वितळतं. कंपाउंडमध्ये त्याऐवजी वनस्पती चरबी असते. घास गिळल्यावरही टाळूला मेणासारखा थर राहिला. धाकटी म्हणाली, "आई, हा तुझा नाही." विषय तिथेच संपला. वजन ५०० चं ४५० करणं तर मनाला पटलंच नाही.

मावा केक आणि नानखटाईचे दर तेच ठेवलेत. त्यात कोको नाही, आणि नानखटाईचे चार ट्रे एका बैठकीत निघतात, तिथे मजुरी सुटते.

मेसेज असा लिहिलाय:

"नमस्कार. १ मार्चपासून अर्धा किलो चॉकलेट ट्रफल केक ५०० ऐवजी ६२० रुपयांना मिळेल. वाढीतले ७० रुपये चॉकलेट आणि कोको पावडर महागल्यामुळे आहेत. मला हे दोन्ही स्वस्त मिळू लागलं, की तितके रुपये मी कमी करेन आणि इथेच कळवेन. उरलेले ५० माझ्या कामाच्या वेळेचे आहेत, आजवर मी ते नीट धरले नव्हते. ते कमी होणार नाहीत. चॉकलेट तेच, वजन तेच. २८ फेब्रुवारीपर्यंत नोंदवलेल्या ऑर्डरना, केक नंतर हवा असला तरी, जुनाच दर लागेल. मावा केक आणि नानखटाई पूर्वीच्याच दरात."

हे म्हणतात, मजुरीचं वाक्य काढ, लोक म्हणतील बाई पैशाला हपापली. मला ते ठेवायचंय. शेजारच्या आजी दर महिन्याला नातवासाठी केक नेतात. त्यांना १२० जड जातील हे मला माहीत आहे, म्हणून त्यांना मेसेजच्या आधी घरी जाऊन सांगणार आहे आणि पाव किलोचा केक करून द्यायची तयारी ठेवली आहे.

तू माझी पहिली गिऱ्हाईक. तुला हा मेसेज आला असता तर ते मजुरीचं वाक्य वाचून काय वाटलं असतं, तेवढं खरं खरं सांग. येत्या रविवारी सकाळी पाठवणार आहे, त्याआधी फोन कर.

तुझी,
अनू