सात पत्रिका आणि एक पगार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. दोन पानं भरून मुलांच्या परीक्षा, गुडघेदुखी, बंद पडलेला पंखा, लग्नांची यादी, आणि अगदी शेवटी एका ओळीत, ‘तीन महिन्यांत सात लग्नं आहेत, क्रेडिट कार्डावर हप्ते करून घ्यावेत का?’ अरे, ताकाला जाऊन भांडं का लपवतोस? त्या एका ओळीसाठीच तू पत्र लिहिलंस हे न कळायला मी काय नवा आहे?

हप्ते करू नकोस, हे आधी सांगून टाकतो. मी केले होते एकदा. त्या वर्षी पहिलं लग्न एका जुन्या मित्राचं होतं. खिशात पैसे होते, दुकानात उभं राहून वाटलं, याला काय कमी करायचं? मग पुढच्या प्रत्येक लग्नाला तोच आकडा डोक्यात. त्याला एवढं दिलं तर चुलत बहिणीला कमी कसं द्यायचं? चौथ्या लग्नापर्यंत हात रिकामा झाला, मग कार्ड काढलं. एक महिना बिल पूर्ण भरता आलं नाही म्हणून किमान रक्कम भरली. मला वाटलं होतं उरलेल्या थोड्या पैशांवर व्याज लागेल. पण मागची बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, हे तेव्हा कळलं. पुढच्या वर्षीच्या पत्रिका यायला लागल्या तरी मी आदल्या वर्षीच्या लग्नांचे पैसे फेडत होतो. आणि चुलत बहीण शेवटी आली म्हणून तिच्या वाट्याला सगळ्यात लहान भेट गेली. ती काही बोलली नाही. काकू बोलली.

माझी चूक महागडी भेट दिली ही नव्हती. प्रत्येक लग्नाचा आकडा मी त्या त्या लग्नाच्या आदल्या दिवशी ठरवत होतो, ही होती. एकेक लग्न सुटं पाहिलं की प्रत्येक वेळी ‘एवढं तर द्यायलाच हवं’ असंच वाटतं. म्हणून सातही पत्रिका एकदम टेबलावर मांड. तू पत्रात सगळी यादी दिलीसच, तीच घेऊन मी काल रात्री बसलो होतो. तुझा पगार मला विचारायचा नाही, म्हणून हिशोब रुपयांत न करता भागांत करतो. घरभाडं, फी, कर्जाचा हप्ता, किराणा, औषधं हे सगळं जाऊन महिन्याला हातात जे उरतं ते १० भाग धर. तीन महिन्यांचे ३०. त्यातले महिन्याला २ बाजूला, त्यांना लग्नासाठी हात लावायचा नाही. गुडघा आणि पंखा त्यात बसतात. राहिले २४. लग्नं सात असोत की सतरा, आकडा हाच.

आता या २४ मधून लगेच भेटी वाटायला बसू नकोस, मी तिथेच फसायचो. लग्नात भेटीच्या आजूबाजूचा खर्चही बराच होतो आणि तो भेटीच्या खात्यात कुणी लिहीत नाही. मामेभावाचं लग्न बाहेरगावी आहे, चौघांचं जाणं-येणं आणि दोन रात्रींचा मुक्काम. तिकिटं आत्ताच काढलीस तर ५ भाग. धाकट्याचे बूट लहान झालेत, वहिनींना एक साडी हवी आणि तुला एक नवा सदरा असं तूच लिहिलंस, ते ३ भाग. म्हणजे कुणाला काही देण्याआधीच २४ पैकी ८ गेले. पूर्वी ऑफिसात असलेल्या त्या मित्राचं लग्नही बाहेरगावी. तिथे एकट्याने जाऊन यायचं तरी ४ भाग जातील. तिथे जाऊ नकोस. लग्नाच्या आठवडाभर आधी फोन करून येत नसल्याचं सांग, म्हणजे त्याच्या जेवणाच्या ताटांचा हिशोबही चुकणार नाही, आणि १ भागाची भेट पाठव. आयत्या वेळी न जाणं जास्त लागतं माणसाला.

उरले १६. आता कुणाला किती? इथे घरोघरी एकच भांडण होतं. तुझ्याकडचा लांबचा नातेवाईक तुला जवळचा वाटतो, वहिनींकडचा त्यांना. आमच्याकडे यावर एक उपाय चालतो. हिची यादी मी लावतो, माझी ही लावते. प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न विचारायचा, गेल्या वर्षभरात लग्नाचं निमंत्रण सोडून या माणसाशी आपण कधी बोललो? माझ्या यादीतला एक ‘अगदी घरचा’ माणूस या प्रश्नात असा आपटला की मीच हसलो. तुझ्या यादीला हा प्रश्न लावला तर मामेभाऊ ५ आणि शाळेतला दोस्त ४, या दोघांना मोठा वाटा जातो. बाकी पाच जणांना, म्हणजे शेजारी, लांबचे नातेवाईक, ऑफिसातला सहकारी, साहेबांची मुलगी आणि तो बाहेरगावचा मित्र, प्रत्येकी १. एकूण १४. राहिलेले २ अजून न आलेल्या पत्रिकेसाठी. ती येतेच रे.

साहेबांना १ भाग कमी वाटेल तुला. पण साहेब तुझा पगार जाणतात, जगात बहुधा तेवढाच एक माणूस जाणतो. त्यांच्यापुढे श्रीमंती दाखवून काय मिळणार? शिवाय ऑफिसातल्या दोन्ही भेटी सगळ्यांनी मिळून द्या. फक्त वर्गणी गोळा करायचं काम अंगावर घेणार असशील तर आधी पैसे जमव आणि मग वस्तू बघ. उलटं केलं की वस्तू ठरते सगळ्यात जास्त पगारवाल्याच्या मनाप्रमाणे, पैसे भरतो गोळा करणारा, आणि दोघं-तिघं ‘देतो रे’ म्हणत पुढच्या लग्नापर्यंत जातात. आमच्याकडे एक मुलगी फार छान करायची. एक बंद पाकीट फिरवायची, ज्याला जमेल तेवढं त्यात टाकायचं, नाव लिहायचं नाही. जमेल तेवढ्यातच भेट यायची आणि नव्याने लागलेल्या पोराला कुणापुढे मान खाली घालावी लागायची नाही.

एवढं झाल्यावर मला वाटलं हिशोब जुळला. मग तारखा लिहिल्या आणि लक्षात आलं की बेरीज जुळते, महिना जुळत नाही. पहिल्याच महिन्यात तिकिटं ५, कपडे-बूट ३, मामेभावाची भेट ५, शेजाऱ्यांची १, असे १४ भाग लागतात आणि तुझ्या हातात आहेत ८. सहा भाग कमी. नेमका इथे माणूस कार्ड काढतो, कारण एकूण पैसे पुरणार आहेत हे त्याला माहीत असतं. पुढच्या महिन्यात फेडू, असं म्हणतो. पुढच्या महिन्यात पुन्हा तीन लग्नं असतात.

यातलं पुढे काय ढकलता येतं ते पाहिलं. तिकिटं नाहीत, उशिरा काढली तर ती महागच होणार. शेजारी नाहीत. पण मामेभावाची भेट ढकलता येते. त्याला आत्ताच सांग, ‘तुमचं घर लागू दे, दोन महिन्यांनी काय कमी पडतंय ते बघून घेऊ.’ सख्ख्यासारख्या माणसालाच हे सांगता येतं आणि त्याच्या सोयीचंही आहे. नव्या संसारात एकच वस्तू चारचारदा येते हे तुझ्याही घरी झालंय. एक धोका आहे, सांगून विसरलास तर मात्र वाईट दिसेल. म्हणून तिसऱ्या महिन्याच्या पगाराच्या तारखेपुढेच लिहून ठेव. लग्नात हात रिकामे वाटत असतील तर एक काम मागून घे. पाहुण्यांना गाडीवरून आणणं, सामानाच्या खोलीची किल्ली सांभाळणं. मामाला त्या दिवशी पैशांपेक्षा याचीच टंचाई असेल.

भेट तिसऱ्या महिन्यात गेली तरी पहिल्या महिन्यात ९ लागतात, एक भाग जास्तच. तेव्हा कपड्यांचे ३ चे २ कर. धाकट्याचे बूट आणि वहिनींची साडी राहू दे, तुझा नवा सदरा काट. सगळ्या लग्नांत तू तोच सदरा घातलास तरी बहुतेक ठिकाणची माणसं वेगळी आहेत. आता पहिला महिना बरोबर ८. दुसऱ्या महिन्यात दोस्त ४, सहकारी १, साहेब १, म्हणजे ६, दोन उरले. ते धरून तिसऱ्या महिन्यात हातात १०, त्यातून मामेभाऊ ५, नातेवाईक १, बाहेरगावचा मित्र १. शेवटी ३ भाग शिल्लक आणि बाजूला ठेवलेले सहाही जागच्या जागी. एका वाक्याच्या फोनवर आणि एका सदऱ्यावर सगळं निभावतंय बघ.

‘त्यांनी आपल्या लग्नात दिलं होतं तेवढं तरी परत द्यायला हवं’ असं तू दोनदा लिहिलंस. त्यांनी दिलं तेव्हा त्यांचा धंदा चालत होता आणि तू एकटा होतास. त्यांची ऐपत तेव्हाची, तुझी आत्ताची, या दोन आकड्यांची बरोबरी कशी करणार? हो, या वर्षी कुणाला काय दिलं ते मात्र एका वहीत लिही. बरोबरी करायला नाही. पुढच्या वर्षी त्याच घरातल्या दुसऱ्या लग्नाला आठवणीतून आकडा काढू नयेस म्हणून. आठवणीतला आकडा नेहमी मोठाच निघतो.

आणि कपाटातल्या जुन्या भेटी पुढे सरकवायच्या असतील तर जरूर सरकव, मीही सरकवतो. पण खोका उघडून आत बघ. मागे मला एक सुंदर भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आत चिठ्ठी होती. शुभेच्छा माझ्याच अक्षरात.

तिकिटं मात्र याच आठवड्यात काढ, बाकीचं सगळं त्या ५ भागांवर उभं आहे. आणि मामेभावाला फोन कर तेव्हा वहिनींना शेजारी बसव, नाहीतर तू बोलता बोलता आत्ताच काहीतरी कबूल करून बसशील. त्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझाच,
जुना बाकमित्र