ब्लर चालू दिसतो, पण समोरच्याला माझं घर दिसतं

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: कॅमेरा फिरवून विंडो लहान केली की बॅकग्राउंड ब्लर निघून जातो, आणि तुमच्या प्रतिनिधीने दिलेलं उत्तर

आत्ताच तुमच्या ग्राहक सेवेचा फोन ठेवला आहे. ॲप कसं चालतं हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही, ते तुमचंच आहे. थेट मुद्द्यावर येते.

मी घरून गणिताच्या ऑनलाइन शिकवण्या घेते. माझ्या खुर्चीच्या मागे आईचा पलंग आहे. ती अंथरुणाला खिळलेली आहे आणि घरात दुसरी खोली नाही. तुमच्या ॲपचे पैसे मी ब्लरसाठीच भरते.

काय घडतं ते क्रमाने वाचा. तासाला ब्लर चालू असतो. विद्यार्थ्याला वहीतली आकृती दाखवायची म्हणून मी मागचा कॅमेरा लावते. तिथे तुम्ही ब्लर बंद करता आणि ते बरोबरच आहे. ब्लर चित्रात माणूस शोधतो आणि माणूस सोडून उरलेलं सगळं धूसर करतो. वहीच्या पानावर माणूस नसतो, तेव्हा ब्लर तसाच राहिला तर आकृतीच पुसली जाईल. याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार परतीच्या वाटेची आहे. पुन्हा पुढचा कॅमेरा लावला की ब्लर यायला तीन-चार सेकंद लागतात. कॅमेरा नव्याने सुरू होतो, माणूस कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते हे ॲपला पुन्हा शोधावं लागतं, हे मला समजतं. पण ते सापडेपर्यंत तुम्ही उघडं चित्र समोर पाठवत राहता. सेकंदाला ३० चित्रं धरली तर तीन सेकंदांत ९० चित्रं होतात. एवढ्यात समोरच्याला सगळं नीट दिसतं आणि स्क्रीनशॉटही काढता येतो.

याहून वाईट पुढे आहे. आकृती दाखवून झाली की मला उत्तरांची फाइल उघडायची असते, म्हणून कॅमेरा पुढे घेतल्या घेतल्या मी कॉलची विंडो लहान करते. ब्लर परत यायच्या आत विंडो लहान झाली, तर तो येतच नाही. विंडो पुन्हा मोठी करेपर्यंत माझं घर उघडंच जात राहतं. आणि मला ते कळायला मार्ग नाही, कारण लहान विंडोत तुम्ही फक्त समोरच्याचा चेहरा दाखवता, माझा नाही. ब्लरचं बटणही तिथे नाही. फोनच्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका कॅमेरा चालू आहे एवढंच सांगतो, त्यातून काय बाहेर जातंय ते सांगत नाही. विंडो मोठी केली की ब्लर लगेच लागतो आणि बटण चालूच दिसतं. म्हणजे तपासायला जावं तेव्हा सगळं ठीक!

मला हे तुमच्या ॲपने सांगितलं नाही. एका विद्यार्थिनीने भर तासाला विचारलं, "टीचर, मागे आजी झोपल्यात का? त्यांना बरं नाहीये का?" आईचा डायपर बदलून फार वेळ झाला नव्हता. तिचं पांघरूण अर्धवट होतं. त्यानंतर तो तास मी कसा पुरा केला ते माझं मला माहीत.

त्याच रात्री दुसऱ्या फोनवरून, दुसऱ्या खात्याने, मीच माझ्या कॉलमध्ये शिरले. पाठीमागे मोठ्या अक्षरांचं कॅलेंडर टांगलं आणि वर लिहिलेला क्रम तसाच केला. ब्लर असताना तारखा वाचता येत नव्हत्या. कॅमेरा फिरवून लगेच विंडो लहान केली, तर दुसऱ्या फोनवर तारखा स्वच्छ वाचता आल्या. विंडो लहान करण्याआधी थोडं थांबून ब्लर आलेला पाहिला, तर तो टिकला. पुन्हा पुन्हा करून पाहिलं, हेच झालं. तुमच्या तपासणी विभागाला कॅलेंडर लावायला फार वेळ लागू नये. दोन्ही फोनचे व्हिडिओ याआधीच्या तक्रारीसोबत पाठवले आहेत. ते कोणी उघडूनही पाहिलेले नाहीत, हे आजच्या फोनवर कळलं.

आता तो फोन. मी म्हटलं, "कॅमेरा फ्लिप केल्यावर ब्लर जातो." तुमचा प्रतिनिधी म्हणाला, "मॅडम, सेटिंगमध्ये जाऊन मिरर बंद करा." मी सांगितलं की मिररचा इथे काही संबंध नाही, त्याने फक्त मला माझं चित्र आरशासारखं उलटं दिसतं, समोरच्याला ते सरळच जातं. मी कॅमेरा बदलण्याबद्दल बोलते आहे. तो म्हणाला, "हो मॅडम, फ्लिपसाठी तेच सेटिंग आहे." मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्याने होल्डवर ठेवलं. परत येऊन म्हणाला, "तुमच्या स्क्रीनवर ब्लरचं बटण चालू दिसतंय का?" दिसतंय, म्हटलं. "मग ब्लर चालू आहे." समोरच्याला माझं घर दिसतंय, असं मी म्हणाले. त्यावर अगदी शांतपणे तो म्हणाला, "मॅडम, मागचं दिसायला नको असेल तर भिंतीला पाठ लावून बसा ना. आणि पेशंटला थोडं बाजूला घेता येईल का?"

पेशंटला बाजूला. तिला कुशीवर वळवायलासुद्धा दोन माणसं लागतात. ज्या कंपनीने 'तुमचं घर तुमच्यापुरतं' अशी जाहिरात करून माझ्याकडून पैसे घेतले, तिचा माणूस मला माझ्या आईचा पलंग हलवायला सांगतो. वरिष्ठांशी बोलायचं आहे म्हटल्यावर फोन कट झाला.

मला काय हवं आहे ते सांगते. कॅमेरा पुन्हा पुढे घेतल्यावर ब्लर तयार होईपर्यंत माझं एकही चित्र बाहेर जाता कामा नये. तोपर्यंत काळा पडदा दाखवा, माझं नाव दाखवा, काहीही चालेल. विंडो लहान असताना ब्लर लागत नसेल तर व्हिडिओ थांबवा. माझ्या एका विद्यार्थ्याच्या फोनवर विंडो लहान केली की त्याचं चित्रच थांबतं. ते गैरसोयीचं आहे, पण त्याचं घर तरी कोणाला दिसत नाही. आणि लहान विंडोत ब्लरची खूण द्या. ती बटण दाबलं आहे का यावरून नको, बाहेर जाणाऱ्या चित्राला खरंच ब्लर लागला आहे का यावरून लागली पाहिजे. बटण चालू आणि ब्लर बंद, हे मला पुन्हा चालणार नाही.

दुरुस्ती कोणत्या आवृत्तीत येणार, ते लेखी कळवा. तोपर्यंत कॅमेरा बदलून लगेच विंडो लहान करू नका, अशी सूचना ॲपमध्ये सगळ्यांना दिसेल अशी टाका. ब्लरवर विसंबून घरून बोलणारी मी एकटी नाही आणि बाकीच्यांना याचा पत्ताही नसेल. वर्षभराचं शुल्क परत हवं आहे. या महिन्याअखेर उत्तर आलं नाही तर दोन्ही व्हिडिओ, आईचं चित्र वगळून, तुमच्या ॲपच्या रिव्ह्यूखाली आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या पालकांच्या ग्रुपवर जातील. शिकवण्या मी दुसऱ्या ॲपवर हलवायला घेतल्याच आहेत.

तक्रार क्रमांक आधीच्या मेलमध्ये आहे. तो पुन्हा विचारू नका.

आपली,
एक वार्षिक सदस्य