सुई टोचली की आधी केस बाजूला ठेवा

मा. संपादक,
स. न.

बीडीएसला ॲडमिशन झाली की आईवडील फी, हॉस्टेल, इन्स्ट्रुमेंट किट सगळ्याची चौकशी करतात, पण हिपॅटायटिस बी ची लस पूर्ण झाली का हे फार कमी जण विचारतात, म्हणून हे पत्र लिहितेय. मी डेंटिस्ट आहे, काही वर्षं कॉलेजात शिकवलंय पण.

ओळखीतल्या एका थर्ड इयरच्या मुलीचं सांगते. पेशंटला खालच्या दाढेसाठी बधिर करायचं इंजेक्शन, म्हणजे ब्लॉक, दिला आणि सुईला दोन्ही हातांनी टोपण लावताना सुई डाव्या बोटात घुसली. तिने बोट दाबून दाबून रक्त काढलं, वर स्पिरिट ओतलं, ग्लव्ह बदलला आणि केस पूर्ण केली, कारण ठरलेल्या केसेसचा कोटा राहिला होता आणि सर ओरडतील ही भीती. संध्याकाळी हॉस्टेलवर मैत्रिणीला सांगितलं तेव्हा कुठे गोष्ट बाहेर आली, तोपर्यंत पेशंट गावी निघून गेलेला. केसपेपरवरचा नंबर शोधून त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं, त्याच्या संमतीने रक्त तपासलं तर एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बी ची तपासणी, पॉझिटिव्ह. आणि हिचे लशीचे दोनच डोस झालेले, सहा महिन्यांनी घ्यायचा तिसरा सुट्टीत राहून गेला तो गेलाच.

आता तिच्या जागी काय करायचं ते सांगते. ग्लव्ह काढायचा, वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम नीट धुवायची, बस्स. दाबायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही, स्पिरिट, ब्लीच काही ओतायचं नाही, त्याने धोका कमी होतो असा पुरावा नाही, उलट कातडीला इजा होते. डोळ्यात रक्त किंवा थुंकी उडाली तर लेन्स असेल ती काढून साध्या पाण्याने बराच वेळ धुवायचं. मग केस दुसऱ्याकडे देऊन लगेच स्टाफला सांगायचं, आणि *पेशंट खुर्चीत आहे तोवरच* त्याला समजावून त्याची हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीची तपासणी करून घ्यायची. आपलं पण रक्त त्याच दिवशी द्यायचं. एचआयव्हीची धोका टाळणारी औषधं लागली तर शक्यतो दोन तासांत सुरू करायची असतात, ७२ तासांनंतर देत नाहीत, म्हणून "उद्या बघू" हे इथे चालतच नाही.

पण मुलं घाबरतात ती फक्त एचआयव्हीला. पॉझिटिव्ह पेशंटची सुई टोचली तर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास, हिपॅटायटिस बी ची मात्र लस न घेतलेल्याला शंभरात सहा ते तीस. हा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवस तरी टिकतो, म्हणजे इन्स्ट्रुमेंट धुताना स्केलर टोचला तरी तितकंच गंभीर घ्यायचं.

त्या मुलीला दुसऱ्या दिवशी दुपारी इम्युनोग्लोब्युलिन मिळालं, ही तयार अँटीबॉडी असते, वजनाच्या प्रत्येक किलोला ०.०६ मिली, तिचं वजन ५५ म्हणून ३.३ मिली. शक्यतो २४ तासांत द्यायचं असतं, सात दिवसांनंतर त्याचा भरवसा नाही. त्याच दिवशी दुसऱ्या दंडात राहिलेला लशीचा डोस दिला, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. सहा महिन्यांनी तपासणी निगेटिव्ह आली, पण ते सहा महिने तिच्या घरच्यांनी कसे काढले ते मी बघितलंय.

तीन डोस झाले म्हणजे झालं असं पण नाही हं. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर, म्हणजे लशीने रक्तात किती अँटीबॉडी तयार झाली त्याची तपासणी, करायचं. १० किंवा जास्त आलं तर तो रिपोर्ट जपून ठेवा, कारण पुढे पॉझिटिव्ह पेशंटची सुई टोचली तरी हिपॅटायटिस बी साठी काहीच घ्यावं लागत नाही, नंतर टायटर उतरलं तरी. १० च्या खाली आलं तर परत तीन डोस आणि परत टायटर. काही जणांना तरीही अँटीबॉडी तयार होत नाही, त्यांना ते आधीच माहीत असायला हवं, कारण सुई टोचली की त्यांना इम्युनोग्लोब्युलिन महिन्याच्या अंतराने दोनदा लागतं.

कॉलेजांना माझी मागणी एवढीच: क्लिनिकल पोस्टिंग सुरू होण्याआधी, म्हणजे थर्ड इयरच्या आधी, प्रत्येकाचा टायटर रिपोर्ट फाइलला लावून घ्या. सुईला टोपण लावायचंच असेल तर ट्रेवर ठेवून एका हाताने उचलायला शिकवा. आणि सुई टोचल्यावर कुणाला फोन करायचा, रात्री आणि रविवारी इम्युनोग्लोब्युलिन कुठे मिळेल, हे प्रत्येक डिपार्टमेंटच्या भिंतीवर लिहून ठेवा, ते प्रत्येक मेडिकलवाल्याकडे नसतं.

– एक दंतवैद्य, सांगली