मुलांचे गॉगल मीटरवर तपासून घ्यावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरच्या एकाच स्टॉलवरून मी सात वर्षांच्या मुलासाठी काळाकुट्ट आणि मुलीसाठी फिकट तपकिरी, असे प्रत्येकी ८० रुपयांचे दोन गॉगल घेतले. दोन्हींवर ‘यूव्ही ४००’ असे स्टिकर होते. उन्हाळा सुरू झाल्यावर शंका आली म्हणून चष्म्याच्या दुकानात ते यूव्ही मीटरवर ठेवून पाहिले, तेव्हा तपकिरी गॉगलने जवळजवळ सर्व अतिनील किरण अडवले आणि काळ्यातून मात्र निम्म्याहून अधिक आरपार गेले.

असे होते, कारण काचेचा रंग डोळ्यांना दिसणारा प्रकाश कमी करतो. अतिनील किरण अडणे मात्र काच कशाची आहे आणि तिच्यात ते किरण शोषणारे द्रव्य मिसळले आहे की नाही, यावर ठरते. पॉलिकार्बोनेट मुळातच बहुतेक अतिनील किरण अडवते, त्यामुळे रस्त्यावरचा स्वस्त गॉगलही कधी चांगला निघतो. साधे अ‍ॅक्रिलिक मात्र तसे द्रव्य नसेल तर ते बरेचसे आत सोडते. अशा गडद काचेमागे बाहुली मोठी होते, मूल डोळे बारीक करत नाही, आणि लहान मुलांच्या डोळ्यांतले भिंग अधिक स्वच्छ असल्याने प्रौढांपेक्षा त्यांच्या पडद्यापर्यंत जास्त अतिनील किरण पोहोचू शकतात. एका दुपारी घातल्याने डोळा बिघडत नाही, हेही सांगायला हवे. काळजी आहे ती वर्षानुवर्षे साचत जाणाऱ्या परिणामाची, ज्याचा मोतीबिंदूशी संबंध आहे.

मीटरची तपासणी मिनिटभरात होते, म्हणून गॉगल कुठूनही घेतला तरी ती करून घ्यावी. नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च घरी असल्यास त्याच्या उजेडात नोटेवरचे क्रमांक चमकू लागतात. मध्ये गॉगलची काच धरल्यावर ती चमक नाहीशी झाली, तर काच किरण अडवते असा अंदाज येतो. जांभळा उजेड देणाऱ्या स्वस्त टॉर्चवर मात्र विसंबू नये, कारण त्याचा बराचसा प्रकाश अतिनील पट्ट्याच्या अगदी कडेचा असतो आणि चांगल्या काचेतूनही थोडा पार होतो. ‘पोलराइज्ड’ या शब्दावरही जाऊ नये. त्याने रस्त्यावरची चकाकी कमी होते, अतिनील किरण अडण्याशी त्याचा संबंध नाही.

काच हातभर अंतरावर धरून खिडकीच्या गजांकडे पाहावे आणि ती हळूहळू सरकवावी. गज वाकडे दिसू लागले तर तो गॉगल मुलाला देऊ नये, कारण त्याने डोळ्यांवर ताण येतो आणि डोके दुखते. फ्रेम डोळ्यांच्या बाजूंनीही झाकणारी हवी, नाहीतर किरण कडेने आत शिरतात. आमचा काळा गॉगल मी आता कपाटात ठेवला असून नवा मीटरवर तपासून मिळेपर्यंत मुलगा रुंद कडेची टोपी घालून शाळेत जातो.

आपली,
एक पालक, सोलापूर