फॉर्मवरची एक सही म्हणजे संमती नव्हे

शाळा-क्लासेसच्या जाहिरातींतल्या मुलांवरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला आणि तो पटला, पण त्यात पालकांच्या संमतीचा मुद्दा अर्धवट राहिला. माझ्या भाचीच्या क्लासने अॅडमिशन फॉर्मवर बारीक अक्षरात ‘फोटो-व्हिडिओ वापरू’ असं छापलेलं, ताईने घाईत सही केली, आणि चार महिन्यांनी भाचीचं नाव, युनिफॉर्म, ‘आधी नापास, आता टॉपर’ असं सगळं फेसबुकच्या पेड जाहिरातीत. पोरगी दोन दिवस शाळेत गेली नाही हो! बालकामगार कायद्याच्या 2017 च्या नियमांत जाहिरातीतल्या 14 वर्षांखालच्या बालकलाकारासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला जास्तीत जास्त 5 तास काम, मिळकतीतले किमान 20 टक्के मुलाच्या नावावर एफडीत, आणि मुलाच्या मनाविरुद्ध काम करून घ्यायचं नाही असंही त्यात आहे. क्लासवाले मात्र मुलाला पैसेच देत नाहीत म्हणून हे शूटिंग कुणाच्या हिशेबातच येत नाही. संमती प्रत्येक व्हिडिओसाठी वेगळी घ्या, तयार व्हिडिओ आधी आईवडिलांना आणि मुलालाही दाखवा, कुठे आणि किती दिवस चालवणार ते लेखी द्या, आणि जुने नापासाचे मार्क तर दाखवूच नका.

– एक वाचक, पुणे